पिवळं कार्ड: दहा दिवस, सहा दिवस आणि एक डास

(या भागाचा लिखित मजकूर. बसमध्ये, लोकलमध्ये आवाज नीट येत नसेल तर वाचून काढा. बोलताना सुटलेली एक-दोन वाक्यं इथे जोडली आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



क्वारंटाइन म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना २०२० आठवतं. डाव्या हातावरचा तो शाईचा शिक्का, बंद दार, दाराबाहेर ठेवलेला डबा. आज मात्र मी तुम्हाला कोरोनाची गोष्ट सांगणार नाही. कोरोनाच्या कितीतरी आधीपासून मुंबई विमानतळावर एक क्वारंटाइन चालू आहे आणि ते आजही चालू आहे. त्यात अडकणाऱ्या माणसाला ताप नसतो, खोकला नसतो. त्याच्याकडे फक्त एक पिवळं कार्ड नसतं, किंवा असतं पण त्यावरची तारीख चुकीची असते.

मला हे कळलं ते माझ्या आतेभावामुळे. मी त्याला दादा म्हणतो, तेव्हा इथेही दादाच म्हणतो.

दादा तीन वर्षं नैरोबीत नोकरीला होता. जाताना ज्या एजंटने तिकीट काढून दिलं, त्याने सांगितलं होतं, "केनियाला लसबिस काही लागत नाही." हे खरं होतं, पण अर्धंच. भारतातून थेट केनियाला जाणाऱ्या माणसाकडे केनिया पीतज्वराच्या लसीचं कार्ड मागत नाही. ते कार्ड मागतो भारत, आणि तेही परत येताना. हा दुसरा अर्धा भाग दादाला कुणी सांगितलाच नाही.

मग एका जुलैमध्ये सांगलीहून फोन आला. आतोबांना हॉस्पिटलमध्ये ठेवलंय, जमेल तितक्या लवकर ये. दादाने सुट्टी मागितली आणि तिकीट शोधायला लागला. तेवढ्यात ऑफिसातल्या एका गुजराती सहकाऱ्याने विचारलं, "यलो कार्ड आहे ना तुझ्याकडे?" नव्हतं. ३ जुलैला त्याने नैरोबीत लस घेतली, कार्ड घेतलं आणि १० जुलैच्या संध्याकाळी विमानात बसला. दुबईला दोन तास थांबून ११ तारखेला पहाटे मुंबईत उतरला.

इमिग्रेशनच्या आधी आरोग्य विभागाचा काउंटर लागतो. तिथल्या डॉक्टरांनी कार्ड उघडलं, तारीख पाहिली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "तुमचं कार्ड तेरा तारखेपासून लागू होतंय. तोपर्यंत तुम्हाला आमच्याकडे राहावं लागेल."

दादाने मला तिथूनच फोन केला. आवाज चढलेला. "अरे, मला ताप नाही, लस घेतलीये, कार्ड हातात आहे, वडील हॉस्पिटलमध्ये आहेत आणि हे म्हणतात दोन दिवस कोंडून ठेवणार!"

खरं सांगतो, तेव्हा मलाही हा शुद्ध बाबूगिरीचा प्रकार वाटला. नंतर मी त्या दोन दिवसांचा हिशोब समजून घ्यायला बसलो, आणि तो मला पटला. तोच आज तुमच्यासमोर मांडतोय.

आधी आजार समजून घेऊ

पीतज्वर, म्हणजे यलो फीव्हर, हा विषाणूचा आजार आहे. तो आफ्रिकेच्या मधल्या पट्ट्यात आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागात आढळतो. बहुतेकांना ताप, डोकेदुखी, अंगदुखी, उलट्या होतात आणि ते बरे होतात. थोड्या लोकांमध्ये मात्र एक-दोन दिवस बरं वाटून आजार पुन्हा उलटतो. यकृत बिघडतं, कावीळ होते (पीतज्वर हे नाव त्यावरूनच), रक्तस्राव सुरू होतो. या टप्प्यात गेलेल्यांपैकी जवळपास निम्मे रुग्ण सात ते दहा दिवसांत दगावतात. विषाणूला मारणारं खास औषध नाही. लस मात्र उत्तम आहे.

आता महत्त्वाचं. हा आजार खोकल्यातून किंवा हात लावल्याने पसरत नाही, तो डासातून पसरतो. शहरात तो पसरवणारा मुख्य डास कोणता? एडिस इजिप्ती. नाव ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा डास तो हाच. कुंडीखालची बशी, गच्चीवरचं जुनं टायर, झाकण नसलेला पिंप, कुठेही तो वाढतो.

म्हणजे बघा, आपल्याकडे डास आहे, पावसाळा आहे, दाट वस्ती आहे, आणि पीतज्वराची लस न घेतलेले कोट्यवधी लोक आहेत. नाही तो फक्त विषाणू. भारतात पीतज्वर कधी पसरल्याची नोंद नाही. का पसरला नाही, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. कुणी म्हणतं आपल्याकडे डेंग्यू इतका झालेला आहे की त्याचं थोडं संरक्षण मिळत असावं, कुणी म्हणतं आपल्याकडच्या डासात हा विषाणू तितकासा वाढत नसावा, कुणी म्हणतं तो इथे कधी नीट पोचलाच नाही. पण "होत नसावा" एवढ्या भरवशावर कुठलाही देश प्रयोग करून बघणार नाही.

मग दार बंद ठेवायचं कुठे? डासाला पासपोर्ट नसतो. विषाणू येणार तो माणसाच्या रक्तातून, नाहीतर विमानात-जहाजात शिरलेल्या डासातून. म्हणून पहारा विमानतळावर आणि बंदरावर.

सहा दिवस आले कुठून?

दादाचा पहिला प्रश्न हाच होता, की हे आकडे ठरवले कुणी.

जगातल्या १९६ देशांनी मान्य केलेला एक करार आहे, आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली. आज चालू असलेली नियमावली जागतिक आरोग्य सभेने २००५ मध्ये मंजूर केली आणि ती १५ जून २००७ पासून लागू झाली. त्यानंतर तिच्यात वेळोवेळी बदल झाले, पण पाया तोच आहे. तिच्या शेवटी काही परिशिष्टं आहेत, त्यातलं सातवं पीतज्वराच्या लसीबद्दल आहे. दादाला अडवलं ते त्या परिशिष्टातल्या दोन आकड्यांनी, सहा आणि दहा.

सहाचा अर्थ असा. विषाणू असलेला डास चावल्यापासून माणसाला ताप येईपर्यंत साधारण तीन ते सहा दिवस जातात. याला अधिशयन काळ म्हणतात. या काळात माणूस ठणठणीत दिसतो. विमानतळावरच्या ताप मोजणाऱ्या कॅमेऱ्यासमोरून तो हसत निघून जाईल, कारण त्याला अजून तापच नाही. पण ताप येण्याच्या थोडं आधी आणि ताप आल्यावर पहिले तीन ते पाच दिवस त्याच्या रक्तात विषाणू असतो. या दिवसांत आपला एडिस त्याला चावला, तर विषाणू डासात जातो, तिथे दीडेक आठवडा वाढतो, आणि मग तो डास मरेपर्यंत ज्याला चावेल त्याला आजार देऊ शकतो.

आता दादाला त्यात बसवून बघा. समजा, नैरोबीतल्या शेवटच्या संध्याकाळी त्याला विषाणू असलेला डास चावला. ताप येणार असेल तर तो सहाव्या दिवसापर्यंत येणार. सहा दिवस कोरडे गेले तर माणूस सुटला. म्हणजे सहा दिवसांची ही मुदत विषाणूच्याच वेळापत्रकातून आलीय.

इथे एक बारकावा आहे. हे दिवस मुंबईत उतरल्यापासून मोजत नाहीत. शेवटचा संसर्ग जिथे होऊ शकला असता, ती जागा सोडल्यापासून मोजतात. दादाने केनिया सोडलं १० जुलैला. त्यात सहा मिळवले की १६ जुलै.

आणि दहा?

पीतज्वराच्या लसीत जिवंत पण कमजोर केलेला विषाणू असतो. ती टोचली की लगेच कवच चढत नाही. शरीराला प्रतिकारशक्ती तयार करायला वेळ लागतो. दहा दिवसांत ८० ते १०० टक्के लोकांमध्ये पुरेशी प्रतिकारशक्ती तयार होते. म्हणून नियम असा, की लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. दादाने लस घेतली ३ जुलैला, त्यात दहा मिळवले की १३ जुलै.

आता दोन तारखा हातात आहेत. कार्ड लागू होण्याची तारीख १३, सहा दिवस संपण्याची तारीख १६. नियमावली म्हणते, या दोन्हींपैकी जी आधी येईल त्या दिवशी माणसाला सोडा. म्हणून दादा १३ तारखेला सुटणार होता. डॉक्टर बोटांवर मोजत होते ते हेच.

हाच हिशोब थोडा बदलून बघू, म्हणजे डोक्यात पक्का बसेल.

समजा, दादाने लस ८ जुलैला घेतली असती. कार्ड १८ ला लागू झालं असतं, पण सहा दिवस १६ लाच संपतात. म्हणजे सुटका १६ ला. कार्ड अजिबात नसतं तरी १६ च. घाईघाईत दोन दिवस आधी टोचून घेतलेल्या लसीचा या हिशोबात काहीच उपयोग नाही.

समजा, त्याने ३० जूनला लस घेतली असती. कार्ड १० जुलैला लागू. ११ ला तो काउंटरवरून सरळ बाहेर. तीन दिवस आधी टोचून घेतली असती, तर पहाटे उतरून संध्याकाळी सांगलीत पोचला असता.

आणि समजा, कार्ड नाही, पण तो दुबईत मित्राकडे १५ पर्यंत राहून मुंबईला आला असता. दुबई पीतज्वराच्या प्रदेशात येत नाही. केनिया सोडून पाच दिवस तिथेच गेले, म्हणून मुंबईत उरला एकच दिवस.

दोन रात्री

दादाला ठेवलं त्या खोलीला खिडक्यांवर बारीक जाळी होती आणि दोन दारं होती, एकामागे एक. पहिलं बंद केल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. तो म्हणाला, "मला वाटलं मी पळून जाईन म्हणून दोन दारं." नाही! ती दारं डासासाठी होती. आतल्या माणसापर्यंत बाहेरचा डास पोचू नये, एवढ्यासाठी. पीतज्वराच्या क्वारंटाइनमध्ये माणसाला माणसांपासून तोडायचं नसतं, डासांपासून तोडायचं असतं. म्हणून तिथला डॉक्टर मास्क न लावता त्याच्या शेजारी बसून बोलला, तेव्हा दादाला जरा आश्चर्यच वाटलं.

दिवसातून दोनदा ताप बघायचे. फोन त्याच्याकडेच होता. व्हिडिओ कॉलवर आतोबांशी बोलणं व्हायचं. हेही कुणाची मेहेरबानी म्हणून नाही. नियमावलीचं ३२ वं कलम सांगतं, की प्रवाशाला सन्मानाने वागवा, त्याच्या सामाजिक-धार्मिक गोष्टींचा विचार करा, अन्न-पाणी द्या, औषधोपचार द्या, संपर्काची सोय करा.

इथे तीन शब्दांचा घोळ मिटवू, कारण बातम्यांत ते सारखे एकमेकांत मिसळतात. माणूस आजारी आहे म्हणून वेगळा ठेवला, तर ते आयसोलेशन. माणूस ठणठणीत आहे, पण संसर्ग झालेला असू शकतो म्हणून थांबवला, तर ते क्वारंटाइन. आणि माणसाला घरी जाऊ दिलं, पण "सहा दिवसांत ताप आला तर लगेच कळवा" असं सांगून पत्ता-फोन घेतला आणि पाठपुरावा केला, तर ती देखरेख, म्हणजे सर्व्हेलन्स. दादा दुसऱ्या प्रकारात होता. त्याला तिथे ताप आला असता तर तो पहिल्या प्रकारात गेला असता.

हे काम कोण करतं?

विमानतळावरच्या आरोग्य कार्यालयाला ए.पी.एच.ओ. म्हणतात, बंदरावरच्याला पी.एच.ओ. ही कार्यालयं महापालिकेची नाहीत आणि राज्य सरकारचीही नाहीत, ती केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. राज्यघटनेतच बंदरावरचं क्वारंटाइन हा विषय केंद्राच्या सूचीत टाकलाय. विमानांसाठी १९५४ चे नियम आहेत, बंदरांसाठी १९५५ चे.

मुंबई, न्हावा शेवा, मुरगाव अशा बंदरांवर हेच काम जहाजांसाठी चालतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कितीतरी मुलं जहाजावर आहेत, त्यांना हे पाठ असेल. परदेशातून येणारं जहाज पिवळा झेंडा लावतं. पूर्वी पिवळा रंग म्हणजे जहाजावर रोगराई. आता त्या झेंड्याचा अर्थ बरोबर उलटा आहे: आमच्याकडे सगळे ठीक आहेत, आत यायची परवानगी द्या. कॅप्टन जहाजाच्या आरोग्याचं घोषणापत्र देतो, वाटेत कुणाला ताप आला, कुणी दगावलं का, ते त्यात लिहितो. त्यावर बंदराचा आरोग्य अधिकारी ठरवतो, सरळ सोडायचं की आधी वर जाऊन तपासायचं.

जहाजाच्या बाबतीत भारत सहा दिवसांवर थांबत नाही. गेल्या ३० दिवसांत पीतज्वराच्या प्रदेशातल्या बंदराला लागून आलेलं जहाज असेल आणि त्यावर ठरलेल्या पद्धतीने कीटकनाशक फवारणी झालेली नसेल, तर त्यावरून येणाऱ्यांनाही कार्ड लागतं. कारण जहाजात पाणी साठतं, आणि साठलेल्या पाण्यात डासाची पुढची पिढी वाढू शकते. विमानातही फवारणी असते. काही मार्गांवर एअर होस्टेस हातात छोटा डबा घेऊन फवारत जाते, ते काही सुगंधासाठी नसतं.

आणखी एक काम, जे प्रवाशाला दिसतही नाही. विमानतळ आणि बंदराच्या वापरातल्या भागापासून किमान ४०० मीटरपर्यंत असे डास वाढू न देणं. एडिस फार लांब उडत नाही. तेवढा पट्टा स्वच्छ राहिला, तर विमानातून आलेला डास किंवा माणूस आणि गावातला डास यांची गाठ पडणं अवघड होतं. म्हणून आरोग्य कर्मचारी त्या भागातल्या टाक्या, गटारं, भंगार तपासत फिरतात.

हे फसतं कुठे?

ही गोष्ट २०१६ ची. अंगोलाच्या लुआंडा शहरात २०१५ च्या डिसेंबरमध्ये पीतज्वराची मोठी साथ सुरू झाली. अंगोलात तेव्हा हजारो चिनी कामगार होते. अंगोलात शिरायला लसीचं प्रमाणपत्र लागत होतं. कागदोपत्री सगळ्यांकडे लस असायला हवी होती. तरीही लस न घेतलेले कितीतरी कामगार तिथे पोचलेले होते. २०१६ मध्ये त्यांच्यापैकी ११ जण चीनमध्ये परतले आणि त्यांना पीतज्वर निघाला. प्रयोगशाळेत सिद्ध झालेले, आशियात पोचलेले हे पीतज्वराचे पहिले रुग्ण. पुढे स्थानिक साथ पसरली नाही. पण ते ११ जण डासांच्या ऐन हंगामात, डेंग्यूच्या गावात, निदान न होता फिरले असते तर? इतक्या वर्षांच्या पहाऱ्यात आशियाचं दार खरोखर किलकिलं झालं ते तेव्हा.

यातून एक दिसतं. हा सगळा पहारा एका कागदावर उभा आहे. पीतज्वराच्या बाबतीत काउंटरवरचा डॉक्टर तुमच्या रक्तात काय आहे ते बघू शकत नाही. तो कार्ड बघतो. कार्ड खोटं असेल तर तो पहारा तिथेच संपला. दोन-चारशे रुपयांत "कार्ड मॅनेज करून देतो" म्हणणारा माणूस तुमचं काम करत नसतो. तो तुम्हाला लसीविना रोगाच्या प्रदेशात पाठवत असतो, आणि परत आल्यावर तुमच्या घरच्यांना धोक्यात घालत असतो.

म्हणून कार्डाबद्दल नियमावली इतकी काटेकोर आहे. लस देणाऱ्या अधिकृत डॉक्टरची किंवा आरोग्य कर्मचाऱ्याची सही हातानेच केलेली हवी, नुसता शिक्का चालत नाही. आणि सहीबरोबर केंद्राचा अधिकृत शिक्काही हवा. लसीचा बॅच नंबर हवा. खाडाखोड असेल, एखादा रकाना कोरा असेल, तर कार्ड अवैध ठरू शकतं. मजकूर इंग्रजी किंवा फ्रेंचमध्ये हवा. प्रत्येकाचं कार्ड वेगळं, लहान मुलाचंही. केंद्रावरून निघण्याआधी तिथेच उभं राहून हे सगळं तपासा. नाव पासपोर्टसारखंच आहे का, हेही बघा.

तुमचे तीन प्रश्न

भाग रेकॉर्ड करण्याआधी मी इन्स्टावर प्रश्न मागवले होते. त्यातले तीन घेतो.

पहिला: "बाबांचं कार्ड २००९ चं आहे, त्यावर २०१९ पर्यंतच वैध असं लिहिलंय. पुन्हा लस घ्यायची का?" गरज नाही. पूर्वी कार्ड दहा वर्षं चालायचं. ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य धरलं जातं, आणि हे जुन्या कार्डांनाही लागू आहे. तारखेवर खाडाखोड करून "लाइफटाइम" वगैरे मात्र स्वतः लिहू नका, त्यानेच कार्ड बाद होईल.

दुसरा: "दक्षिण आफ्रिकेहून येताना आदिस अबाबाला विमान बदलायचंय. कार्ड लागेल का?" दक्षिण आफ्रिका पीतज्वराच्या देशांत नाही, पण इथिओपिया आहे. पूर्ण वेळ विमानतळाच्या आतच राहिलात आणि इथल्या आरोग्य अधिकाऱ्याला ते पटलं, तर सूट मिळते. म्हणून बोर्डिंग पास जपून ठेवा. रात्रीच्या मुक्कामाला शहरातल्या हॉटेलात गेलात, तर मात्र तुम्ही त्या देशात जाऊन आलात असंच धरलं जाईल.

तिसरा: "आईला अंड्याची ॲलर्जी आहे, लस कशी घेणार?" ही लस कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भात तयार करतात. त्यामुळे तीव्र ॲलर्जी असेल तर ती देत नाहीत. प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांनाही देत नाहीत, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर नाहीच, आणि साठीच्या पुढे पहिल्यांदा घेताना डॉक्टर फायदा-तोटा तोलून बघतात. अशा वेळी डॉक्टर कारण लिहून सहीनिशी पत्र देतात. आरोग्य अधिकारी ते विचारात घेतात. पण पत्र म्हणजे कार्ड नव्हे. आत सोडायचं, देखरेखीखाली ठेवायचं की थांबवायचं, हा निर्णय त्यांचा असतो. तेव्हा परतीच्या प्रवासात हाताशी सहा दिवस मोकळे ठेवा.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते, त्यांची यादी आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. एका बाटलीत अनेक डोस असतात आणि बाटली एकदा कालवली की सहा तासांत संपवावी लागते. म्हणून केंद्रं ठरावीक दिवशीच लस देतात आणि आधी नाव नोंदवायला लावतात. उद्या जायचंय म्हणून आज मिळेल, असं होत नाही.

१८९६ ची मुंबई

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, जग उगाच आफ्रिकेतून येणाऱ्यांना संशयाने बघतं. म्हणून शेवटी थोडं मागे जाऊ या.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. काही महिन्यांत युरोपातल्या देशांनी मुंबईच्या जहाजांकडे पाठ फिरवायला सुरुवात केली. १८९७ मध्ये व्हेनिसला खास प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि तिथे चर्चेचा विषय होता मुंबईहून येणारी माणसं आणि माल. तेव्हा संशयित आपण होतो. १९९४ मध्ये सुरतेच्या प्लेगच्या वेळीही तेच. काही देशांनी भारताची विमानं बंद केली, माल अडवला. प्रत्यक्ष आजारापेक्षा त्या घबराटीचं नुकसान मोठं होतं.

देशांना अशी शिक्षा मिळणार असेल, तर ते साथ लपवतात. आजच्या नियमावलीने म्हणूनच दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत: रोग पसरू देऊ नका, आणि प्रवास-व्यापार गरजेपेक्षा जास्त अडवू नका. "आफ्रिकेतून आलेल्या सगळ्यांना महिनाभर कोंडा" असं भारत म्हणत नाही. सहाच दिवस, तेही कार्ड नसेल तरच, आणि कार्ड त्याआधी लागू झालं तर त्या क्षणी मोकळे. मला त्या काउंटरवरच्या मोजणीत हेच दिसलं. एका बाजूला सांगलीला वडिलांकडे निघालेला मुलगा, दुसऱ्या बाजूला जुलैमधली डासांनी भरलेली मुंबई आणि सांगली. डॉक्टरांनी त्याला गरजेपेक्षा एक दिवसही जास्त ठेवलं नाही.

१३ तारखेला सकाळी दादा सुटला. रात्री सांगलीला पोचला. आतोबा शुद्धीवर होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दोन दिवस कुठं होतास?" दादाने खिशातून पिवळं कार्ड काढून दाखवलं. आतोबा म्हणाले, "एवढं होतं तर मग अडवलं कशाला?"

पुढचा अर्धा तास दादा त्यांना डास, सहा दिवस आणि दहा दिवस समजावत बसला होता.

चला, आजच्यापुरतं एवढंच. घरात कुणी नैरोबी, लागोस, आक्रा किंवा साओ पावलोला निघालं असेल, तर हा भाग त्यांना तिकीट काढायच्या आधी पाठवा. तिकीट काढल्यावर पाठवलात तर दहा दिवस मोजायला लागतील!

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.